चाळीस मुली, सहा महिने, दहा लाख चाळीस हजार: सीएसआर समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
सीएसआर समिती

विषय: ऊसतोड कामगारांच्या सातवी ते दहावीतल्या ४० मुलींसाठी हंगामी वसतिगृह. १०,४०,००० रुपयांचा प्रस्ताव आणि आपल्या शेऱ्यांना उत्तर.

सन्माननीय सदस्यहो,

आमचा प्रस्ताव आपण नीट वाचलात आणि समासात शेरे लिहून परत पाठवलात, याबद्दल आधी आभार मानते. बहुतेक ठिकाणांहून नुसता नकार येतो, कारण कळत नाही. आपले शेरे तीन आहेत. कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रशासन खर्च मिळून पाच टक्क्यांच्या आत आणा. लाभार्थींची संख्या वाढवा. आणि सगळा खर्च ३१ मार्चपूर्वी पूर्ण करून वापर प्रमाणपत्र द्या. हेच शेरे बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या इतर लहान न्यासांनाही ठिकठिकाणच्या कंपन्यांकडून येतात. बहुतेक जण मान खाली घालून आकडे बदलतात आणि मग हंगामात पैसे कमी पडतात. म्हणून हे उत्तर खाजगी न ठेवता सर्वांसमोर लिहिते आहे.

शेऱ्यांकडे वळण्याआधी हे वसतिगृह कशासाठी आहे ते थोडक्यात सांगते. धारूर, वडवणी, केज हा बालाघाटाचा डोंगरपट्टा. जमीन हलकी, पाणी कमी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या क्षेत्रात ऊस तोडतात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. लहान मूल असेल तर बहुधा आई बरोबर नेते. आजी-आजोबा धड असतील तर मुलगा त्यांच्याजवळ राहतो. अडचण असते ती बारा ते सोळा वर्षांच्या मुलीची. वयात आलेल्या मुलीची जबाबदारी म्हातारी माणसे घ्यायला धजत नाहीत. फडावर नेले तर ती पहाटे चार वाजता उठून भाकरी करते, धाकट्यांना सांभाळते आणि शाळा सुटते. दोन्ही नको वाटले की स्थळ बघितले जाते. लग्न झाले की तिचाही कोयता होतो आणि त्यावर वेगळी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्हा बालविवाहाच्या बाबतीत राज्यात वरच्या क्रमांकांत होता. त्याचे एक मोठे कारण या सहा महिन्यांत आहे, असे आमचे ठाम मत आहे.

सरकारची हंगामी वसतिगृहे आहेत ना, असे आपल्यापैकी एका सदस्यांनी विचारलेही होते. आहेत आणि ती हवीतच. पण आमच्या भागात ती गावच्या जिल्हा परिषद शाळेला जोडलेली असतात. मूल तिथे जेवते आणि झोपायला आजीकडे जाते. शिवाय गावची शाळा सातवी-आठवीला संपते. त्यापुढच्या मुलीला तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या माध्यमिक शाळेजवळ रात्रीची सुरक्षित जागा लागते. आमचा प्रस्ताव नेमका त्या जागेसाठी आहे.

आता अंदाजपत्रक. वसतिगृह १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चालेल. जेवणाचे १६५ दिवस धरले आहेत. पगार आणि भाडे सहा महिन्यांचे धरले आहे, कारण आधीचे पंधरा दिवस जागा लावण्यात जातात.

जेवण: ४० मुली × १६५ दिवस × ६० रुपये: ३,९६,०००
कर्मचारी: दरमहा ५३,००० × ६: ३,१८,०००
इमारत भाडे, वीज, पाणी: दरमहा १३,००० × ६: ७८,०००
गादी, ब्लँकेट, पेटी, ताट-वाटी: ४० × २,२००: ८८,०००
आरोग्य: ४० × ९००: ३६,०००
वह्या, गाइड, दप्तराचे साहित्य: ४० × ५००: २०,०००
सुरक्षा: कुंपणाचे दिवे, अग्निशमन नळकांडी, कुलपे, कॅमेरे: २६,०००
गावोगावचे सर्वेक्षण आणि पालकांशी संपर्क: ३०,०००
न्यासाचे प्रशासन: हिशेबनीस, लेखापरीक्षण, बँक: ४८,०००
एकूण: १०,४०,०००

एका मुलीमागे २६,००० रुपये पडतात. गाद्या, भांडी आणि सुरक्षेचे सामान हा १,१४,००० रुपयांचा खर्च पहिल्या हंगामातच आहे. ते सामान तीन हंगाम चालेल. त्यामुळे दुसऱ्या हंगामापासून आजच्या भावाने ९,२६,००० रुपये लागतील.

जेवणाचे साठ रुपये कसे आले, हे विचारले जाते. शाळेच्या दिवशी आठवीपर्यंतच्या मुली दुपारी शाळेत पोषण आहार घेतात. नववी-दहावीच्या मुलींना डबा द्यावा लागतो आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचे दुपारचे जेवण आपल्याकडेच असते. त्या सगळ्याची सरासरी धरली आहे. ज्वारी, गहू, तांदूळ मिळून चौदा रुपये, डाळ आठ, भाजी आठ, सकाळचे दूध आठ, तेल चार, अंडे किंवा शेंगदाण्याचा लाडू सात, गॅस आणि मीठ-मसाला सात. हे झाले छपन्न. उरलेले चार रुपये फेब्रुवारीनंतर भाजी महागते त्यासाठी आहेत. यात कपात करायची झाली तर कुठे होते, ते आम्हाला माहीत आहे. आधी दूध जाते, मग अंडे. या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता आम्ही त्या दोन्हींवर हात ठेवून बसलो आहोत.

आता पाच टक्के. कर्मचाऱ्यांमध्ये निवासी अधीक्षिका १६,०००, रात्रीची सहायिका १३,०००, स्वयंपाकीण १२,०००, तिची अर्धवेळ मदतनीस ६,००० आणि संध्याकाळी गणित-इंग्रजी घेणाऱ्या शिक्षिका ६,००० अशी विभागणी आहे. आपला शेरा मानला तर हे सगळे पगार आणि न्यासाचे प्रशासन मिळून ५२,००० रुपयांत बसवावे लागेल. सहा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८,७०० रुपयेही होत नाहीत. त्यात रात्री मुलींजवळ झोपणारी एक बाईसुद्धा ठेवता येत नाही. मग वसतिगृह राहत नाही, फक्त खाणावळ राहते.

मुळात कायद्यातली पाच टक्क्यांची मर्यादा आमच्यासाठी नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचे सीएसआर नियम २०१४ चे आहेत आणि त्यात २२ जानेवारी २०२१ रोजी मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची व्याख्या दिली आहे. कंपनीला स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी येणारा खर्च म्हणजे प्रशासकीय खर्च. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असे तिथेच म्हटले आहे. पाच टक्क्यांची अट कंपनीच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चावर आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात प्रश्नोत्तरांतून हे आणखी उलगडून सांगितले आहे. आपल्या सीएसआर विभागातल्या अधिकाऱ्यांचा पगार आणि कार्यालय हे त्या पाच टक्क्यांत येते. आमची अधीक्षिका म्हणजे प्रकल्पच आहे. दवाखान्याच्या प्रकल्पात डॉक्टरचा पगार वरखर्च धरत नाहीत, तसेच हे.

आमच्या न्यासाच्या ४८,००० रुपयांबद्दल मात्र आपण जरूर विचारा. तो एकूण रकमेच्या ४.६ टक्के आहे. त्यात अर्धवेळ हिशेबनीस आहे आणि या प्रकल्पाचे स्वतंत्र लेखापरीक्षण आहे. नियमाप्रमाणे दिलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, असे प्रमाणपत्र आपल्या मुख्य वित्त अधिकाऱ्यांना द्यावे लागते. त्यांनी ते कशाच्या आधारावर द्यायचे? आमच्या खतावणीच्या आणि हजेरीच्या आधारावर. ती ठेवणारा माणूस कापला की पुढे त्यांचीच अडचण होते.

दुसरा शेरा लाभार्थींचा. दहा लाखांत चाळीसच मुली का, पाचशे मुलांना दप्तरे देता येतील, असे आपण लिहिले आहे. देता येतील. पण दप्तर मिळालेली मुलगी नोव्हेंबरात टोळीबरोबर गेली तर दप्तर घरात खुंटीला राहते. आमचा दावा एवढाच आहे की या चाळीस मुली नोव्हेंबर ते एप्रिल शाळेत बसतील आणि वार्षिक परीक्षा देतील. चाळीसच्या साठ करायला आम्हाला आवडेल, पण भाड्याच्या या इमारतीत चार खोल्या आणि सहा शौचालये आहेत. दहा मुलींना एक खोली यापेक्षा जास्त दाटी केली की खरूज पसरते, झोप मोडते आणि जानेवारीत मुली घरी पळतात. संख्या वाढवायची तर दुसरी इमारत, दुसरी अधीक्षिका, दुसरे स्वयंपाकघर घ्यावे लागेल. त्याचा वेगळा प्रस्ताव आम्ही देऊ.

इमारत बांधून देण्याची तयारी आपण बैठकीत बोलून दाखवलीत. त्यामागची भावना कळते. पण या कामाला पक्की इमारत लवकर जड होते. ती वर्षातले सहा महिने बंद राहणार. पाऊस बरा झाला तर एखाद्या गावातून कमी जोडपी जातात, दुष्काळ पडला तर शेजारच्या गावातून दुप्पट जातात. मागणी दरवर्षी सरकते, तसे वसतिगृहही सरकले पाहिजे. शिवाय सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता कोणाच्या नावावर राहू शकते याचे नियम २०२१ पासून कडक आहेत. कंपनी ती स्वतःकडे ठेवू शकत नाही. न्यासाच्या नावावर आली तर तिची डागडुजी आणि कर आमच्यासारख्या लहान न्यासाला पेलणार नाहीत.

तिसरा शेरा आम्हाला सर्वांत जास्त अडचणीचा वाटतो, कारण तिथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. उसाचा हंगाम आर्थिक वर्ष ओलांडतो. ३१ मार्चला मुली वसतिगृहातच असतात, काहींची परीक्षा एप्रिलमध्ये असते आणि आईवडील अजून फडावर असतात. त्या तारखेला पूर्ण रकमेचे वापर प्रमाणपत्र द्यायचे म्हणजे न झालेला खर्च झाला म्हणून लिहायचा, किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धान्य आणि गाद्या भरून बिले जमवायची. दोन्ही आम्ही करणार नाही. मंत्रालयाच्या त्याच परिपत्रकाप्रमाणे संस्थेच्या खात्यात पैसे पाठवले म्हणजे खर्च झाला असे होत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजेत. म्हणजे खोटे प्रमाणपत्र कंपनीलाही धोक्याचेच आहे.

यावर नियमातच मार्ग आहे. आपल्या संचालक मंडळाने हे वसतिगृह तीन हंगामांचा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करावे. सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प तसा धरता येतो. मग ३१ मार्चला शिल्लक राहिलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत कंपनीच्या अखर्चित सीएसआर खात्यात जाते आणि तिथून पुढे त्याच कामासाठी वापरता येते. प्रकल्प तसा मंजूर नसेल तर ती शिल्लक सहा महिन्यांच्या आत सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत भरावी लागते आणि आमच्या मुलींच्या एप्रिलच्या जेवणाला ती मिळत नाही.

त्यानुसार हप्ते असे मागतो आहोत. पहिला हप्ता ४,६०,००० रुपयांचा, १५ ऑक्टोबरपूर्वी. त्यात सगळी एकदाची खरेदी, सर्वेक्षण आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा खर्च येतो. दुसरा ४,६५,००० रुपयांचा, १० जानेवारीपर्यंत, पहिल्याचा हिशेब पाहून. तिसरा १,१५,००० रुपयांचा, अखर्चित खात्यातून, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. कायदा तीस दिवस देतो हे खरे, पण आमचे स्वयंपाकघर तीस दिवस थांबू शकत नाही, म्हणून ही विनंती वेगळी नोंदवते.

तारखांचा आग्रह का धरते, तेही सांगते. सीएसआरचे करार बहुधा डिसेंबरात होतात आणि पैसे जानेवारीत येतात. आमच्याकडे टोळ्यांच्या गाड्या ऑक्टोबरच्या अखेरीस भरतात. गाडी हलण्यापूर्वी आईला जागा दाखवावी लागते, अधीक्षिका कोण ते तिला बघायचे असते, रात्री दार कोण लावते हे तिला विचारायचे असते. ते झाले नाही तर मुलगी गाडीत बसते आणि जानेवारीत आलेल्या पैशाने तिला फडावरून परत आणता येत नाही. मुकादम सोडत नाही, कारण तोवर ती कामात धरलेली असते.

एक गोष्ट आमच्या हातात नाही, ती म्हणजे हंगामाची लांबी. २०२१-२२ मध्ये ऊस इतका झाला की काही कारखाने जूनपर्यंत चालले. ऊस कमी असतो त्या वर्षी धुराडी लवकर थंडावतात. वसतिगृह एक दिवस जास्त चालवायला ४,६०० रुपये लागतात: जेवण २,४००, पगाराचा हिस्सा १,७६७ आणि भाडे-पाणी ४३३. करारात एक कलम घालावे, अशी मागणी आहे. १५ एप्रिलनंतर जास्तीत जास्त पंधरा दिवस, म्हणजे ६९,००० रुपयांपर्यंत, प्रत्यक्ष हजेरीवर द्यावेत. ही रक्कम वरच्या एकूण आकड्यात धरलेली नाही. हंगाम लवकर संपला, तर न वापरलेले जेवणाचे पैसे आम्ही तिसऱ्या हप्त्यातून वळते करू. जेवणाचा खर्च आम्ही चाळीस या आकड्यावर दाखवणार नाही, त्या रात्री किती मुली जेवल्या त्यावर दाखवू. पहिल्या पंधरा दिवसांत बहुतेक तीसेकच येतात. जानेवारीत एखादी आई बाळंत होते आणि मुलीला बोलावून घेते. ही गळती लपवली तर पुढच्या वर्षीचे नियोजन चुकते.

तपासायचे कसे, तर तीन कागद पुरेत. आमचा रात्रीचा हजेरीपट, शाळेचा हजेरीपट आणि किराणा-दुधाची बिले. शाळेचा हजेरीपट मुख्याध्यापक ठेवतात, आमच्या हातात तो नसतो. दोन्ही हजेऱ्या एका महिन्याच्या शेजारी ठेवल्या की वसतिगृहात मुली खरोखर आहेत की नाही ते दिसते. रात्री अडतीस आणि शाळेत बावीस असे दिसले तर आम्हाला जाब विचारा. त्या दिवसांत एक तर आजार असतो, नाहीतर मुलींना कामाला लावले जाते आहे. दुधाचे लिटर हजेरीशी जुळत नसतील तर कुठेतरी गळते आहे. निवडीसाठी प्रत्येक मुलीच्या कागदात मुकादमाच्या टोळीच्या यादीतले आईवडिलांचे नाव, ग्रामसेवकाने दिलेले ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र आणि शाळेचा दाखला असेल. दोन्ही पालक जात असतील तीच मुलगी घेऊ. यासाठी दबाव येतो, गावातल्या वजनदार माणसांच्या नात्यातल्या मुली पुढे केल्या जातात. समितीने यादी मागितली की आम्हालाही नाही म्हणायला आधार होतो.

आपले कर्मचारी भेटीला आले तर आनंदच आहे. दिवसा यावे, आधी कळवून यावे, मुक्काम करू नये. मुलींचे चेहरे दिसतील असे फोटो आम्ही देणार नाही. प्रसिद्धीसाठी मागितले तरी नाही. वसतिगृहातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी होईल, १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक खोलीत लावलेला असेल, आणि पालकांना आठवड्यातून एकदा मुलीशी एकटीशी फोनवर बोलता येईल. सर्वेक्षण-संपर्काच्या तीस हजारांत या फोनचाही खर्च आहे. तो कापू नका. आई-मुलीचे बोलणे सुटले की अफवा फडापर्यंत पोहोचते आणि बाप दुसऱ्या दिवशी मुलीला न्यायला येतो.

न्यासाची कागदपत्रे सोबत जोडली आहेत: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रे, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. लोकवर्गणीतून आम्ही गेली काही वर्षे थोड्या मुलींची सोय करत आलो आहोत. त्यांचे हजेरीपटही जोडले आहेत.

अंदाजपत्रकातला एखादा दर आपल्याला जास्त वाटला तर त्या ओळीवर बोट ठेवा. आम्ही बाजारातली दोन दरपत्रके आणून दाखवू. सरसकट वीस टक्के कपात मात्र मान्य करणार नाही, कारण ती कोणत्या ओळीतून करायची हे मग आम्हालाच गुपचूप ठरवावे लागते.

आपला निर्णय ३० सप्टेंबरपर्यंत कळवावा. नकार असला तरी त्याच तारखेपर्यंत कळवावा. म्हणजे आम्हाला लोकवर्गणीवर किती मुली घेता येतील ते ठरवता येईल आणि बाकीच्या आयांना गाडी निघण्यापूर्वी तसे सांगता येईल.

आपली विश्वासू,
सचिव आणि विश्वस्त
(ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी काम करणारा एक न्यास, जि. बीड)